आकडा आणि तारीख

ऑफर लेटर आलं की माणसं पहिल्या पानावरचा आकडा वाचतात आणि पेढे आणायला धावतात. खरं पत्र शेवटच्या पानावर असतं. तिथे पगाराचा तक्ता असतो, बारीक टायपातला, आणि त्याच्या आसपास कुठेतरी 'अमुक तारखेपर्यंत रुजू व्हावे' असं एक वाक्य. चिपळूणजवळच्या लोट्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पर्सोनेलला काढली. असले तक्ते मी स्वतः केलेत, असली वाक्यं टाईप केलीत. त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टात माझ्या भाचीला तळोज्याच्या एका औषध कंपनीचं पत्र आलं, तेव्हा ती ते घेऊन चिपळूणहून थेट गुहागरला माझ्याकडे आली. बरोबर तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. बहिणीचं मत ठरलेलं होतं. "देतायत ते मुकाट घे गो. मागायला गेलीस नि त्यांनी पत्रच मागे घेतलं तर?"

ही भीती कोकणात घरोघर आहे. मुंबईकडची नोकरी म्हणजे कोणीतरी 'लावून दिलेली', मग लावून देणाऱ्याशी घासाघीस कसली करायची! मी मात्र टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. नम्रपणे एकदा मागितलं म्हणून पत्र मागे घेतलेलं मला आठवत नाही. पत्रं मागे घेतली गेली ती वेगळ्याच कारणांनी. कोणी खोटी पगारपावती जोडली, कोणी 'हो' म्हणून आठवडाभर फोन उचलला नाही, कोणी ठरल्यानंतर पुन्हा नवा आकडा काढला.

पत्रात वर्षाला ४ लाख ८० हजार होते. बारांनी भागलं की चाळीस हजार, आणि बहिणीने तेवढेच ऐकले होते. मी भाचीला म्हटलं, तक्ता काढ. मूळ वेतन २० हजार, घरभाडे भत्ता ८ हजार, विशेष भत्ता ४,१३८. महिन्याला हातात येऊ शकतं ते एवढ्यातून, म्हणजे ३२,१३८ मधून. बाकीचं काय? एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे ४८ हजार 'व्हेरिएबल', जे वर्षाअखेरीस कामगिरी पाहून मिळणार. कंपनीने भरायचा पीएफचा हिस्सा महिन्याला २,४०० रुपये, तोही ह्याच ४ लाख ८० हजारांत. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, तीही ह्यातच. वैद्यकीय विम्याचा हप्तासुद्धा. मग ३२,१३८ मधून तिच्या हिश्शाचे पीएफचे २,४०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा केले की उरतात साडेएकोणतीस हजार.

तेव्हा ती लोट्यात नोकरी करत होती आणि तिथे तिच्या हातात जवळपास चोवीस हजार पडत होते. चिपळूणहून परशुराम घाट चढून जाणारी कंपनीची बस फुकट, दुपारचं जेवण कॅन्टीनचं, रात्री आईच्या हातचं. पनवेलला तिने मैत्रिणीमार्फत चौकशी केली होती, दोघींत एक खोली साडेआठ हजार आणि डब्याचे साडेतीन. म्हणजे साडेएकोणतीसमधले बारा हजार पहिल्याच आठवड्यात जाणार आणि हातात साडेसतरा उरणार. बहीण गप्प झाली. भाचीला मात्र जायचंच होतं. लोट्यात ती त्याच टेबलावर तेच नमुने तपासत होती आणि औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत शिकायला मिळतं ते तिथे मिळणार नव्हतं. तेव्हा 'जाऊ की नको' हा प्रश्न नव्हता. काय मागायचं, एवढाच होता.

तारखेचं प्रकरण त्याहून गंमतीचं. पत्रात लिहिलं होतं, ९ सप्टेंबर. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून ओटीवर आणलं. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, १० ला गौरी यायच्या, १२ ला विसर्जन. ९ तारखेला कोकणातल्या माणसाने तळोज्यात रुजू व्हायचं म्हणजे काय ते हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. भाचीची पहिली प्रतिक्रियाही तीच होती, "मावशी, गणपती झाल्यावरची तारीख मागूया." मी म्हटलं, गणपती राहू दे बाजूला, तुझं नेमणूकपत्र दाखव.

नेमणूकपत्रात नोटीस साठ दिवसांची होती. आणि ती लोट्यात लागली होती १६ ऑक्टोबर २०१९ ला. म्हणजे १५ ऑक्टोबर २०२४ ला तिची पाच वर्षं पूर्ण होत होती. हे तिच्या लक्षातच नव्हतं. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा १९७२ चा कायदा सलग पाच वर्षांची नोकरी मागत होता, आणि हिशेब सरळ होता: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. तिचं मूळ वेतन १६ हजार, महागाई भत्ता वेगळा नव्हता. सोळा हजार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच, म्हणजे ४६,१५४ रुपये. नव्या कंपनीने उरलेल्या नोटीसचे पैसे भरून तिला ९ सप्टेंबरला नेलं असतं, तर हे पैसे धोक्यात आले असते.

इथे जाणकार लोक म्हणतील की चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी मिळते. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे आणि त्यावर बोट ठेवून काही कंपन्या देतातही. काही देत नाहीत, मग नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज, तारखा, फेऱ्या. पाच आठवडे थांबून जे आपोआप मिळतं त्यासाठी भांडायला कशाला जा? (नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कायम नोकरीतल्यांना पाच वर्षांची अट त्यातही आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना मात्र आता एका वर्षावरही हक्क मिळतो, तो त्यांनी जरूर तपासावा.)

मग तारीख मागे मोजत आणली. शेवटचा दिवस १५ ऑक्टोबर, नोटीस साठ दिवसांची, म्हणजे राजीनामा शुक्रवारी १६ ऑगस्टला द्यायला हवा. रुजू होण्याची तारीख सोमवार, २१ ऑक्टोबर. ही तारीख मी मुद्दाम निवडली. बऱ्याच कंपन्यांत हजेरीचा महिना २१ ते २० असा धरतात, त्यामुळे २१ ला आलेला माणूस पगार काढणाऱ्याला सोयीचा जातो. अठरा तारखेला आलात तर तीन दिवसांचा तुकडा वेगळा काढावा लागतो. लहान गोष्ट आहे, पण ती जिच्या डोक्याला ताप होते तिच्याच टेबलावर आपली मेल पडलेली असते.

भाचीने पहिला मसुदा फोनवरच लिहिला. तो वाचून मला तिचा राग आला आणि दयाही आली. सुरुवातच 'मी ही ऑफर आनंदाने स्वीकारते' अशी, आणि खाली चौथ्या परिच्छेदात 'शक्य असल्यास पगाराचा थोडा विचार व्हावा'. पहिल्या ओळीत स्वीकारलंस की खालचं कोण वाचतंय! पर्सोनेलची मुलगी त्या ओळीला स्वीकृती म्हणून फाईलला लावते आणि पुढच्या कामाला लागते. शिवाय मधल्या परिच्छेदात पनवेलचं भाडं, डबा, आईची तब्येत, घरचा गणपती सगळं होतं. यातलं काही खोटं नव्हतं. पण तुमचं भाडं किती हा कंपनीचा प्रश्न नसतो. तिला तुमच्या कामाची किंमत ठरवायची असते, आणि वाढवायची झाली तर त्याचं कारण पर्सोनेलच्या मुलीला वरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे.

हा मुद्दा बाहेरून कळत नाही म्हणून जरा थांबून सांगते. तुमची मेल जिच्याकडे जाते, तिला सहसा पगार वाढवायचा अधिकार नसतो. ती मेल पुढे पाठवते, प्रयोगशाळेच्या प्रमुखाला आणि फायनान्सला, वर एक ओळ लिहून: 'उमेदवाराची मागणी खाली पाहावी, आपलं मत कळवावं.' प्रमुख ती मेल पाळीच्या गडबडीत मोबाईलवर अर्धा मिनिट पाहणार. त्या अर्ध्या मिनिटात त्याला आकडा, तारीख आणि एक कारण दिसलं तर तो 'चालेल' लिहितो. 'थोडा विचार व्हावा' दिसलं तर तो विचारतो, 'म्हणजे किती?' आणि मेल परत खाली येते. अशा दोन फेऱ्या झाल्या की तिसऱ्या फेरीत पुढच्या उमेदवाराला फोन जातो.

म्हणून मेल अशी लिहायची की ती जशीच्या तशी पुढे पाठवता यावी. तिची मेल इंग्रजीत गेली, तिचा मजकूर मराठीत असा होता:

"नमस्कार. क्वालिटी कंट्रोल ऑफिसर या पदासाठी मला निवडल्याबद्दल आणि ६ ऑगस्टच्या पत्राबद्दल मनापासून आभार. प्रयोगशाळा प्रत्यक्ष दाखवल्यामुळे कामाचा अंदाज आला, आणि मला तुमच्याकडे यायचं आहे. सही करण्याआधी दोन गोष्टींवर विचार व्हावा ही विनंती.

"पहिली, निश्चित पगार. पत्रात वर्षाला ४,३२,००० निश्चित आणि ४८,००० व्हेरिएबल आहे. निश्चित रक्कम ४,८०,००० करावी. एचपीएलसी आणि जीसी ही दोन्ही यंत्रं मी स्वतंत्रपणे चालवते, आणि ग्राहकांच्या ऑडिटला प्रयोगशाळेची कागदपत्रं मी सादर केलेली आहेत. मुलाखतीत आपण सांगितलं होतं की पहिल्या दिवसापासून यंत्रावर बसू शकणारी व्यक्ती हवी आहे. मी तशी बसू शकेन.

"दुसरी, रुजू होण्याची तारीख. माझी नोटीस साठ दिवसांची आहे आणि सध्याच्या कंपनीत माझी पाच वर्षं १५ ऑक्टोबरला पूर्ण होतात. त्यामुळे मी सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४ रोजी रुजू होऊ शकेन. त्याआधी येणं मला शक्य होणार नाही. सुधारित पत्र १४ ऑगस्टपर्यंत मिळाल्यास मी १६ ला राजीनामा देईन आणि ही तारीख पक्की राहील.

"याबाबत फोनवर बोलायचं असल्यास मी संध्याकाळी सहानंतर उपलब्ध आहे. पुन्हा एकदा आभार."

एवढीच. यात 'शक्य असल्यास' नाही आणि 'अन्यथा' पण नाही. पगाराच्या परिच्छेदात वाटाघाटीला जागा ठेवली आहे, तारखेच्या परिच्छेदात ठेवलेली नाही, कारण पगारात खाली यायची तिची तयारी होती आणि तारखेत नव्हती. हे मेल लिहिण्याआधी ठरलेलं असावं लागतं. दोन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे मागितल्या तर समोरच्याला कळत नाही की कुठे ढकलायचं, आणि तो नेमका नको तिथे ढकलतो.

पाच वर्षांचा उल्लेख करावा की नाही यावर आम्ही थोडा वाद घातला. भाचीला वाटत होतं, ते हावरट दिसेल. मला उलट वाटतं. पर्सोनेलमधल्या माणसाला 'पाच वर्षं पूर्ण' एवढे शब्द पुरतात, ग्रॅच्युइटीचं नावही काढावं लागत नाही. 'घरगुती कारण' म्हटलं की ते कारण लवचीक वाटतं, मग 'अहो, दोन आठवडे आधी या ना' सुरू होतं. ही तारीख नेमणूकपत्रावर छापलेली आहे, ती हलत नाही.

मेल गुरुवारी ८ तारखेला गेली. मग शुक्रवार, शनिवार, रविवार काही नाही. बहिणीचे रोज फोन. पावसाने चिपळूणला झोडपून काढलं होतं, नेट येत-जात होतं, आणि तिला वाटे मेल पोचलीच नसेल, किंवा पोचली आणि त्यांना राग आला. सोमवारी दुपारी फोन आला. फोन येतो, मेलला मेलने उत्तर येत नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. फोनवर माणूस लवकर 'हो' म्हणतो.

पलीकडच्या बाईंनी तारीख पहिल्याच वाक्यात मान्य केली. पगारावर म्हणाल्या की ह्या श्रेणीची कमाल मर्यादा ५ लाख ४ हजार आहे, त्यावर जाता येत नाही. श्रेणीची मर्यादा ही बहुतेक वेळा खरी असते, तिथे डोकं आपटून उपयोग नाही. भाचीने तिथे जे केलं ते मी शिकवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मर्यादा एकूण रकमेला असेल तर एकूण ५ लाख ४ हजारच ठेवा, फक्त व्हेरिएबल ४८ ऐवजी २४ हजार करा." म्हणजे निश्चित रक्कम तिने मागितलेलीच, ४ लाख ८० हजार, आणि कंपनीची मर्यादाही शाबूत. बाई म्हणाल्या, विचारून सांगते. भाची म्हणाली, "चालेल, मी हे आत्ता मेलवर लिहून पाठवते," आणि पाच मिनिटांत तीन ओळींची मेल टाकली. हे फार महत्त्वाचं. फोनवर ठरलेलं आपणच लिहून पाठवायचं, म्हणजे पुढच्या पत्रात चूक निघाली तर दाखवायला कागद असतो.

चूक निघालीच. मंगळवारी आलेल्या पत्रात आकडा सुधारला होता आणि तारीख तशीच होती, ९ सप्टेंबर. कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. जुन्याच फाईलमध्ये आकडा बदलला आणि खालची ओळ राहून गेली, असं आमच्याकडेही व्हायचं. तिने त्याच मेलच्या धाग्यावर एका ओळीत कळवलं आणि बुधवारी १४ ला संध्याकाळी बरोबर पत्र आलं. नव्या तक्त्याप्रमाणे मूळ वेतन २१ हजार, आणि सगळी वजावट होऊन हातात सव्वातेहेतीस हजार, म्हणजे पहिल्यापेक्षा महिन्याला सुमारे ३,७०० जास्त. खोली आणि डबा वजा जाता उरतात सव्वाएकवीस. चिपळूणच्या चोवीसपेक्षा अजून कमीच, हे बहिणीने लगेच दाखवून दिलं. बरोबर होतं तिचं.

१५ ऑगस्टची सुट्टी मध्ये गेली आणि १६ ला तिने राजीनामा दिला. सुधारित, सही-शिक्क्याचं पत्र हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, या एका बाबतीत मी तिला श्वास घेऊ दिला नव्हता.

आता राहिला गणपती. लोकांना वाटतं, जुन्या कंपनीत आहोत म्हणजे सण आपलाच. पण नोटीसच्या काळात घेतलेली रजा अनेक ठिकाणी नोटीसमध्ये धरत नाहीत, तितके दिवस शेवटची तारीख पुढे सरकते. ७ ते १२ सप्टेंबर रजा घेतली आणि शेवटचा दिवस २१ ऑक्टोबरपर्यंत सरकला, तर नव्या कंपनीला दिलेला शब्द मोडला. म्हणून राजीनाम्याच्याच मेलमध्ये तिने लिहिलं की जुलैतच मंजूर झालेली गणपतीची रजा नोटीसच्या काळात धरून शेवटचा दिवस १५ ऑक्टोबर मानावा. साहेबांनी आधी जास्त पगार देऊ म्हणून पाहिलं, मग मंजूर केलं. अर्ध्या लोट्याला गणपतीत घरी जायचं असतं, तिथे ही रजा अडवायची हिंमत कोणी करत नाही.

एका बाबतीत मात्र आमचं अजून पटलेलं नाही. अनेक कंपन्यांत ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्याला येणाऱ्या एप्रिलची पगारवाढ मिळत नाही. २१ ऑक्टोबर ही तारीख त्यात अडकेल अशी शंका मला होती, आणि 'एप्रिल २०२५ च्या वाढीसाठी पात्र धरावे' अशी एक ओळ मेलमध्ये घाल म्हणून मी सांगत होते. तिने घातली नाही. एप्रिलमध्ये तिला वाढ मिळाली नाही, सरळ २०२६ वर गेली. ती म्हणते, दोन मागण्या होत्या म्हणून मेल एका फेरीत पुढे गेली, तिसरी असती तर तिथेच अडकली असती. मी म्हणते, फोनवर तारीख पहिल्याच वाक्यात मान्य झाली होती, तेव्हा तरी विचारायचं होतंस.